अर्जाचं पहिलं वाक्य फिरून फिरून ‘जाहिरातीस अनुसरून’वरच का येतं, आणि उपाय काय

तक्रार नेहमीची आहे. नोकरीचा अर्ज लिहायला बसलं की ‘महोदय’च्या खाली हात आपोआप चालू लागतो: ‘आपल्या जाहिरातीस अनुसरून अमुक पदासाठी मी माझा अर्ज सादर करीत आहे.’ कुणीतरी सांगतं की हे फार घासलेलं आहे, काहीतरी वेगळं लिही. मग ते खोडून ‘मी एक मेहनती व प्रामाणिक उमेदवार असून’ असं लिहिलं जातं. तेही कुणाला पटत नाही. शेवटी रात्री अकरा वाजता कंटाळून जुनंच वाक्य परत येतं आणि अर्ज जातो.

मी एका घाऊक व्यापाराच्या पेढीत हिशेब बघतो. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी अकाउंट्सला माणूस लागतो आणि अर्ज चाळायचं काम माझ्याकडे येतं, म्हणून या वाक्याशी माझी ओळख दोन्ही बाजूंनी आहे. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात ते होतंच, वर ‘आपल्या नामांकित संस्थेत’ हेही होतं. त्या संस्थेचं नाव मी अर्ज टाकायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं.

खाली लिहिलेलं सगळं अकाउंट्स असिस्टंटच्या अर्जाबद्दल आहे, कारण मला तेच काम आतून माहीत आहे. माझ्या भाचीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केला, तो पायरीपायरीने सांगतो.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघू

भाचीने मिरजेहून पाठवलेल्या अर्जाची सुरुवात अशी होती:

‘विषय: अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज.
संदर्भ: आपली दि. 3 जून रोजीची दैनिकातील जाहिरात.
महोदय,
दिनांक 3 जून रोजी दैनिकात प्रसिद्ध झालेल्या आपल्या जाहिरातीस अनुसरून आपल्या नामांकित संस्थेतील अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी मी माझा अर्ज सादर करीत आहे.’

शेवटचं वाक्य 23 शब्दांचं आहे. त्यातून ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळींत आधीच आलेलं सगळं काढून टाका. उरतं फक्त ‘नामांकित’. म्हणजे त्या 23 शब्दांत नवी माहिती एका विशेषणाची, आणि तीही अर्जदाराबद्दल नाही, संस्थेबद्दल.

मराठी पत्राच्या साच्यात ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या ओळी आहेत, ही खरं तर मोठी सोय आहे. कोणती जागा, कुठली जाहिरात, कोणती तारीख, हे सांगायची जागा तीच. पण शाळेत पत्रलेखन शिकताना त्या दोन ओळी लिहायच्या आणि पुन्हा ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ म्हणून सुरू करायचं, अशी सवय लागते. सरकारी पत्रव्यवहारातून आलेली ही पद्धत आहे आणि तिथे तिला अर्थ आहे, त्याबद्दल पुढे बोलू. आपल्या पेढीत मात्र कुणी फाईल क्रमांक टाकत बसत नाही. अर्ज ईमेलने येतो आणि जाहिरात कोणती ते मला माहीत असतं, कारण ती मीच दिलेली असते.

दुसरं कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘प्रसिद्ध झालेल्या’, ‘अनुसरून’, ‘संस्थेतील’ असे डबे एकामागून एक जोडत जाता येतं आणि वाचणारा इंजिनाची वाट बघत राहतो. इंजिन येतं तेव्हा ते असतं ‘सादर करीत आहे’. अर्ज माझ्या हातात आहे म्हणजे तो सादर झालाच ना!

तेव्हा निदान असं: वाक्य शिळं आहे हा वरवरचा दोष झाला. खरा दोष हा की त्या जागी दुसरं काही सांगायला अर्जदाराने शोधलेलंच नसतं, आणि रिकामी जागा दिसली की साचा आत शिरतो. म्हणून नुसते शब्द बदलून हा बिघाड जात नाही.

जे उपाय लोक करतात आणि जे चालत नाहीत

भाचीने माझ्या सांगण्यावरून दुसरा खर्डा पाठवला. ‘मी एक मेहनती, प्रामाणिक आणि आकड्यांची आवड असलेली वाणिज्य पदवीधर आहे.’ मी तिला फोन केला.

‘अगं, यात तुझं काय आहे?’
‘मामा, सगळं माझंच आहे की. मेहनती नाहीये का मी?’
‘आहेस. पण तुझ्या वर्गातली कुठलीही मुलगी याच्याखाली सही करेल की नाही?’
‘करेल.’
‘मग?’

हीच पहिली चाचणी. वाक्य लिहून झालं की त्याच्याखाली दुसऱ्या कुणाची सही चालेल का ते बघायचं. ‘मेहनती’च्या खाली अख्ख्या जिल्ह्याची सही चालते. शिवाय ‘प्रामाणिक’ हा शब्द अकाउंट्सच्या अर्जात वाचला की मला उगाच शंका येते. रोकड सांभाळणाऱ्याने स्वतःहून प्रामाणिकपणाची ग्वाही द्यावी, हे जरा चमत्कारिकच.

तिसरा खर्डा तिने कुठलातरी व्हिडिओ बघून केला होता. त्याची सुरुवात प्रश्नाने होती: ‘तुमच्या व्यवसायाचा आयटीसी दर महिन्याला अडकतो का?’ आयटीसी म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, ते पुढे सांगतोच. यात एक बरी गोष्ट होती, की ती जाहिरातीतल्या कामाकडे वळली होती. पण सूर पत्रक वाटणाऱ्याचा झाला. आणि समजा नाही अडकत, तर? वाचणारा मनात ‘नाही’ म्हणाला की अर्ज तिथेच संपला. प्रश्न विचारून सुरुवात करण्यात हा धोका कायम असतो.

‘लहानपणापासूनच मला आकड्यांची ओढ होती’ हाही त्याच घरातला. लहानपणीचं सांगायला मुलाखतीनंतरचा चहा असतो.

उपाय: लिहायचं थांबवा, आधी काम विचारा

मी तिला म्हटलं, अर्ज बंद कर. जाहिरात वाचून दाखव. जाहिरात कोल्हापूरच्या एका पंप आणि पाईपच्या वितरकाची होती. त्यात चार कामं दिली होती: खरेदी नोंदी आणि आयटीसी जुळवणी, जीएसटी रिटर्न, ई-वे बिल, टॅली प्राईम. अनुभव किमान 2 वर्षं.

जाहिरातीत कामांचा क्रम बघावा. दर वेळी तो विचार करूनच दिलेला असतो असं नाही, पण पहिलं काम बहुधा तेच असतं ज्याने मालक सध्या हैराण आहे. ‘टॅली येणे आवश्यक’ हे सगळेच लिहितात. ‘आयटीसी जुळवणी’ पहिल्या नंबरवर लिहिणाऱ्याचे पैसे कुठेतरी अडकलेले असण्याची शक्यता दाट.

हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण चांगलं वाक्य याच तपशिलातून निघालं. दुकानदार माल घेताना जीएसटी भरतो आणि विक्रीवरच्या करातून तो वजा करून घेतो. तो वजा होणारा भाग म्हणजे आयटीसी. 1 जानेवारी 2022 पासून नियम असा आहे की पुरवठादाराने ते बिल स्वतःच्या विवरणात दाखवलं असेल तरच खरेदीदाराला हा आयटीसी मिळतो. महिन्याने रिटर्न भरणारा पुरवठादार आपली विक्री पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 मध्ये भरतो. त्यावरून 14 तारखेला खरेदीदाराच्या नावे पोर्टलवर 2बी नावाचं विवरण तयार होतं. आपल्या खरेदीच्या नोंदी त्या 2बीशी ताडून बघायच्या आणि 20 तारखेपर्यंत 3बी हे रिटर्न भरून कर चुकता करायचा. बिल हातात आहे, पैसे देऊन झालेत, पण 2बीमध्ये बिल नाही, म्हणजे तेवढा कर त्या महिन्यात खिशातून गेला.

मी भाचीला अर्जातलं काही विचारलंच नाही. विचारलं, ‘14 तारखेला सकाळी ऑफिसला गेल्यावर तू काय करतेस?’

ती दोन वर्षं आठ महिने एका कर सल्लागाराकडे काम करत होती. मग जे बोलली ते मी पाठीमागच्या कॅलेंडरवर टिपत गेलो. तिच्याकडे 14 पक्षकार होते. त्यातल्या एका हार्डवेअर दुकानाची महिन्याला 180च्या आसपास खरेदी बिलं. त्यातली वीसेक बिलं दर महिन्याला 2बीत सापडत नसत. तिने तीन महिन्यांची न जुळणारी बिलं एका एक्सेलमध्ये मांडली आणि प्रत्येकाच्या पुढे कारण लिहिलं. काही ठिकाणी पुरवठादाराने दुसऱ्याच कुणाचा जीएसटी क्रमांक टाकला होता, त्यामुळे बिल भलत्याच्याच 2बीत गेलं होतं. काही बिलं तिथे होती, पण इकडे नोंद ‘ए/112’ आणि तिकडे ‘ए-112’, म्हणून एक्सेल त्यांना वेगळं समजत होतं. आणि सगळ्यात जास्त बिलं चार ठराविक पुरवठादारांची होती, जे तिमाही रिटर्न भरतात आणि मधल्या महिन्यांत बिलं वर चढवायचा कंटाळा करतात.

‘मग काय केलंस?’
‘काही नाही मामा, दर महिन्याच्या 5 तारखेला त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवायला लागले. ही ही बिलं आहेत, एवढी चढवा म्हणून. आधी आम्ही 14 नंतर फोन करायचो, तेव्हा तो महिना गेलेला असायचा.’
‘आणि आता किती राहतात?’
‘चार-पाच.’

ती म्हणाली ‘काही नाही मामा’. तेच तर सगळं होतं.

अर्ज लिहिणाऱ्याला स्वतःचं रोजचं काम दिसत नाही, ही या बिघाडाची मूळ गाठ आहे. तिला वाटत होतं की अर्जात सांगण्यासारखं म्हणजे पदवी, टॅलीचा कोर्स, टक्केवारी. 5 तारखेची यादी ही तिच्या लेखी सांगायची गोष्टच नव्हती. म्हणून एकट्याने अर्ज लिहीत असाल तर स्वतःला ‘माझे गुण कोणते’ असं विचारू नका. ‘मी यायच्या आधी हे काम कसं व्हायचं आणि आता कसं होतं’ एवढंच विचारा. कुणाला तरी फोन करून तोंडी सांगा आणि त्याला टिपून घ्यायला सांगा. बोलताना माणूस ‘अनुसरून’ म्हणत नाही.

वाक्य बांधताना

पहिला प्रयत्न तिने असा केला:

‘एका हार्डवेअर दुकानाच्या आयटीसी जुळवणीच्या प्रक्रियेत सुधारणा करण्यात आली असून न जुळणाऱ्या बिलांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी करण्यात आले आहे.’

माल आला, पण लगेच सरकारी वेष्टनात गुंडाळला गेला. ‘करण्यात आली’ म्हणजे कुणी केली? मराठीत ही कर्मणी रचना नम्रतेची वाटते, अर्जात मात्र ती करणाऱ्यालाच गायब करते. वाचणाऱ्याला ठरवायचं असतं की हे काम समोरच्या मुलीचं की तिच्या साहेबांचं. तसंच ‘आम्ही’चं. ‘आम्ही पद्धत बदलली’ हे ऑफिसातल्या पाच जणांपैकी कुणीही म्हणेल. जे खरोखर आपण केलं असेल तिथे ‘मी’ लिहावं, आणि जिथे दोघांनी केलं तिथे तसं सांगावं.

‘लक्षणीयरीत्या’ हा शब्द तर आकडा लपवायलाच जन्माला आला असावा. तिच्याकडे आकडा होता, तो द्यायचा. पण आधी तपासायचा. तिने एक्सेल उघडून पाहिलं तर ‘वीसेक’ म्हणजे तीन महिन्यांत 17, 23 आणि 21 होते. मग ‘साधारण 20’ म्हणायला हरकत नाही. नंतरच्या सहा महिन्यांत एकदा 7, बाकी वेळा 4 ते 5. म्हणजे ‘4-5’ लिहिलं असतं तर एका महिन्यापुरतं ते खोटं ठरलं असतं. ‘सातच्या वर गेली नाहीत’ हे पूर्ण खरं आहे आणि ऐकायलाही जास्त भक्कम वाटतं.

आणखी एक अडचण तिच्या लक्षात आली नव्हती. मिरजेतलं हार्डवेअर दुकान, आणि अर्ज कोल्हापूरच्या पाईप वितरकाकडे. हा वितरकच त्या दुकानाचा पुरवठादार असला तर? दुकानाचं नाव न घेताही तो ओळखेल. हिशेबाच्या कामात पक्षकाराची गोष्ट बाहेर सांगणं हा मोठा दोष आहे. जी मुलगी आधीच्या पक्षकाराचं आमच्याकडे सांगते ती उद्या आमचं तिसरीकडे सांगेल, असं माझ्यासारखा माणूस लगेच धरतो. उलाढाल, कराची रक्कम, नाव, गाव यातलं काहीही पहिल्या वाक्यात नको. बिलांची संख्या चालते, कारण त्यातून कामाचा आवाका कळतो आणि कुणाचा धंदा उघडा पडत नाही. म्हणून ‘हार्डवेअर दुकान’ काढून ‘एक किरकोळ व्यापारी’ केलं.

चौथ्या-पाचव्या खेपेला हे उतरलं:

‘महोदय,
एका किरकोळ व्यापाऱ्याच्या दरमहा सुमारे 180 खरेदी बिलांपैकी साधारण 20 बिलं 2बीशी जुळत नसत. मी पुरवठादारांना 5 तारखेलाच यादी पाठवायची पद्धत सुरू केली, आणि गेल्या सहा महिन्यांत अशी बिलं सातच्या वर गेलेली नाहीत. आपल्या जाहिरातीत आयटीसी जुळवणीचं काम पहिलं दिलं आहे, म्हणून हे आधी लिहिलं.’

काटेकोर बघितलं तर हे एक वाक्य नाही, तीन आहेत. मराठीत एवढा मजकूर एका वाक्यात कोंबला की ‘असून’, ‘त्यामुळे’, ‘ज्यायोगे’ हे पाहुणे येतातच. पहिल्या वाक्यात अडचण, दुसऱ्यात आपण काय केलं, आणि तिसऱ्यात ते इथे का सांगतो आहोत, असं तोडलेलं बरं. पहिलं वाक्य सशक्त व्हायला त्यात सगळं असावं लागत नाही. पुढचं वाक्य वाचावंसं वाटलं की त्याचं काम झालं.

तिसऱ्या वाक्यावर ती अडली होती. ‘जाहिरात शब्द परत आलाच ना मामा?’ आला, पण आता तो काम करतो आहे. जाहिरात नुसती पाहिली असं न म्हणता ती वाचली, असं तो सांगतो. आणि ज्या अर्जात ही जोडणारी ओळ नसते, तिथे चांगला आकडासुद्धा हवेत लोंबकळतो.

भाषेबद्दलही एक वाद झाला. ती म्हणाली ‘बिलं’ नको, ‘देयके’ लिहू. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसात कुणी देयक म्हणतं का? व्यापारी पेढीला पाठवताना तिच्याच तोंडचे शब्द ठेवावेत: बिल, पुरवठादार, जुळवणी. हा अर्ज इंग्रजीत पाठवायचा असता तरी आम्ही याच क्रमाने गेलो असतो, आधी मराठीत बोलून काम बाहेर काढायचं आणि मग इंग्रजीत बसवायचं.

शेवटची चाचणी मी तोंडी घेतली. वाक्य वाचून लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: ‘तिमाहीवाल्यांनी यादी पाठवूनही बिलं नाही चढवली तर?’ तिच्याकडे उत्तर तयार होतं. पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत चढवायची सोय त्यांना असते, तोवर मागे लागायचं, आणि तरीही नाही झालं तर व्यापाऱ्याला सांगून त्या बिलाचं कराएवढं देणं थांबवायचं. हा प्रश्न पुढे प्रत्यक्ष मुलाखतीत विचारला गेला, जवळजवळ याच शब्दांत. नोकरी मात्र पगारावर जमली नाही. रोज मिरज-कोल्हापूर जाऊन येण्याचा खर्च वजा केला की हातात फार काही उरत नव्हतं.

ज्या वाक्याच्या पुढचा प्रश्न आपल्याला पेलणार नाही, ते वाक्य कितीही छान असलं तरी पहिलं टाकू नये.

‘पण माझ्याकडे अनुभवच नाही’

नुकती बी.कॉम. झालेली मुलं इथे हात टेकतात आणि परत ‘संधी मिळाल्यास’वर येतात. त्यांच्याकडे पक्षकार नसतात, पण हिशेबाची वही बहुतेकांच्या घरात किंवा आसपास कुठेतरी असते. आमच्याकडे आलेल्या एका अर्जात पहिलं वाक्य होतं की वडिलांच्या किराणा दुकानातली उधारीची वही तो मुलगा दोन वर्षांपासून एक्सेलमध्ये ठेवतो, 60 खाती आहेत आणि दर रविवारी 45 दिवसांपुढची नावं वेगळी काढून वडिलांना देतो. जाहिरातीत आम्ही ‘वसुलीचा पाठपुरावा’ असं लिहिलं होतं. त्याला टॅली जेमतेम येत होतं. तरी बोलावला, कारण येणं किती दिवस थकलं आहे हे वेगळं काढून बघायचं, एवढं ज्याला न शिकवता सुचलं त्याला टॅली शिकवायला महिना पुरतो.

गणेश मंडळाचा जमाखर्च, महाविद्यालयाच्या गॅदरिंगची वर्गणी, सोसायटीची देखभाल वर्गणी, यातलंही काही चालतं. अट एकच, त्यात तुम्ही काहीतरी ताडून बघितलेलं असावं. ‘मंडळाचा खजिनदार होतो’ हे पद झालं. ‘पावतीपुस्तकांची बेरीज आणि बँकेतली जमा यांत 1,100 रुपयांचा फरक होता, तो दोनदा लिहिलेल्या एका पावतीत सापडला’ हे काम झालं.

मध्ये काही वर्षं काम सुटलं असेल तर पहिल्या वाक्यात खुलासा करू नये, तो तिसऱ्या परिच्छेदात दोन ओळींत येऊ शकतो. मात्र हे क्षेत्र थांबत नाही. ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर आयएमएस आलं, त्यात पुरवठादाराचं बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं हे खरेदीदाराला ठरवता येतं. 2022 साली काम सोडलेल्या बाईंनी ते शिकून घेतलं असेल, निदान एखाद्या ओळखीच्या दुकानाचं करून बघितलं असेल, तर तेच पहिलं वाक्य. जुना दहा वर्षांचा अनुभव त्याच्यामागून येऊ दे.

कुठे जुनं वाक्य तसंच ठेवावं

सरकारी, निमसरकारी, अनुदानित शाळा, जिल्हा परिषद. तिथे बहुतेकदा विहित नमुना असतो आणि तो बदलायचा नसतो. नमुना नसला तरी अर्ज आधी आवक-जावकच्या टेबलावर जातो. तिथल्या माणसाला तुमची 5 तारखेची यादी काय करायची? त्याला जाहिरात क्रमांक, तारीख आणि पद एवढंच हवं, म्हणजे तो कागद योग्य फाईलला लागेल. एकाच वेळी चार जाहिराती सुटलेल्या असतील तर ‘जाहिरातीस अनुसरून’ हे वाक्य तिथे खरोखर उपयोगी आहे. उगाच शहाणपणा करून ते काढू नका.

ओळखीने अर्ज करताना पहिल्या वाक्यात ओळख सांगितलेली चालते, फक्त त्या व्यक्तीला आधी विचारून. ‘आपल्याकडचे अमुक यांनी सुचवल्यावरून’ असं वाचलं की मी पहिला फोन अमुकलाच करतो, आणि त्याला काही ठाऊक नसलं की अर्जदाराची पंचाईत होते.

वाक्य चांगलं आहे, तरी कुणी वाचत नाही

हा वेगळा बिघाड आहे आणि तो बहुधा ईमेलचा असतो. मोबाईलवर मेल उघडण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द एवढंच दिसतं. तिथे ‘आदरणीय महोदय/महोदया, सप्रेम नमस्कार, आपण कुशल असाल अशी आशा आहे’ असं असेल तर तुमचं घासूनपुसून केलेलं वाक्य दृष्टीसच पडत नाही. ‘महोदय,’ एवढं पुरे. अर्ज सोबत जोडला आहे आणि मेलमध्ये फक्त ‘कृपया सोबतची फाईल पाहावी’ असं लिहिलं आहे, हेही फार होतं. तीच दोन-तीन वाक्यं मेलच्या अंगात टाका, आणि विषयाच्या ओळीत पदाचं नाव व आपलं नाव. पाठवण्याआधी स्वतःलाच एकदा मेल करा आणि फोनवर न उघडता नुसतं बघा. भाचीने बघितलं तेव्हा विषयाच्या जागी ‘Fwd: Fwd: final arj navin’ असं दिसत होतं.